कुंडीतल्या तुळशीचं लग्न

"काकू, नमस्कार. मी आणि आई रत्नागिरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. राजापूरकडचं घर बंद असतं, वृंदावन तिकडेच. इथे गॅलरीत कुंडीत तुळस आहे. गेल्या वर्षी कॅलेंडरवर 2 नोव्हेंबरच्या चौकोनात एकादशीही होती आणि तुळशीचं लग्नही, त्या घोळात आमचं राहूनच गेलं. मला रविवारीच सुट्टी असते, भटजी कुणी मिळत नाहीत. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, आईने तुळशीची ओटी भरायची नाही. यंदा लग्न कधी आणि कसं लावू? – एक वाचक, रत्नागिरी"

रविवारी, 22 नोव्हेंबरला, दिवेलागणीला लाव. त्या दिवशी कार्तिक शुद्ध त्रयोदशी आहे आणि तुळशीच्या लग्नाला ती पूर्ण चालते. आपल्याकडे हे लग्न एका दिवसाचं नाही. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कुठल्याही संध्याकाळी लावतात. यंदा द्वादशी शनिवारी 21 ला आणि पौर्णिमा मंगळवारी 24 ला, म्हणजे हाती चार संध्याकाळी आहेत. गावात तू पाहिलंच असशील, एका वाडीत आज तर पलीकडच्या वाडीत उद्या. भटजी एकच, घरं पन्नास, भाताची झोडणी चालू आणि माणसं शेतातून अंधार पडताना परतणार. चार दिवस आहेत म्हणून सगळ्यांचं जमतं. तुझं रविवारी जमतंय, तर रविवार हाच तुझा मुहूर्त.

गेल्या वर्षीचा घोळ नीट समजून घे, कारण तो पुन्हा कधी ना कधी येणारच. कॅलेंडरच्या चौकोनात जी तिथी छापलेली असते ती सूर्योदयाला असलेली तिथी. पण तिथी काही सूर्याबरोबर बदलत नाही. ती चंद्राच्या चालीने मधेच कधीतरी बदलते, सकाळी, दुपारी, मध्यरात्रीसुद्धा. 2025 साली 2 नोव्हेंबरला सूर्य उगवला तेव्हा एकादशी चालू होती, म्हणून चौकोनात एकादशी. सकाळी साडेसातच्या सुमारास ती संपली आणि द्वादशी लागली. लग्न संध्याकाळचं असल्यामुळे त्या वेळी द्वादशीच होती. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच चौकोनात आल्या, आणि दोन्ही बरोबर होत्या. तुळशीच्या लग्नाला सूर्यास्ताच्या वेळची तिथी बघायची, एवढं लक्षात ठेवलंस की गोंधळ होणार नाही. उत्तरेकडे पुष्कळ घरांत एकादशीलाच हा विवाह लावतात. तिकडच्या कुणी सांगितलं तर त्यांचंही चूक नाही, फक्त आपली रीत द्वादशीपासूनची.

आणखी एक. शेवटच्या दिवसावर टाकू नकोस. गेल्या वर्षी पौर्णिमा 5 नोव्हेंबरला होती, पण ती संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास संपली. त्या दिवसात आपल्याकडे सूर्य मावळतो सहाच्या आसपास. म्हणजे कामावरून सात वाजता घरी येणाऱ्या बाईच्या हातून पौर्णिमा निसटलीच. कॅलेंडरमध्ये तिथी संपण्याची वेळ दिलेली असते. शेवटचा दिवस धरणार असलात तर ती आधी वाचायची.

तारखा दरवर्षी का हलतात, हेही तुझ्या मनात असेल. 2024 साली द्वादशी 13 नोव्हेंबरला होती, 2025 साली 2 नोव्हेंबरला, यंदा 21 ला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी तेवढे अलीकडे सरकतात. ते सरकत सरकत पावसात जाऊ नयेत म्हणून अधूनमधून अधिक महिना घालतात. यंदा शके 1948 मध्ये ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे दिवाळीसकट सगळं पुढे गेलं. पण सणांमधलं आपसातलं अंतर हलत नाही. दिवाळीच्या पाडव्याला कार्तिक सुरू होतो आणि तिथून बारावी तिथी तुळशीच्या लग्नाची. पाडवा धरून मोजलंस की कॅलेंडर हाताशी नसलं तरी अंदाज चुकणार नाही.

या द्वादशीच्या मागे चार महिने उभे आहेत. आषाढी एकादशीला देव झोपतात, कार्तिकी एकादशीला उठतात, म्हणून तिला प्रबोधिनी म्हणायचं. मधल्या चातुर्मासात व्रतं, उपास, पोथ्या, सण भरपूर, पण लग्नकार्य नाही. देव उठल्यावर पहिलं लग्न देवाचंच लागतं, तुळशीशी, आणि त्यानंतर माणसांच्या लग्नांचे मुहूर्त निघायला लागतात. आपल्या किनाऱ्यावर तर हे सगळं डोळ्यांना दिसतं. श्रावण-भाद्रपदात अंगणात चिखल आणि शेवाळ, मांडव घालणार कुठे? दिवाळीच्या सुमाराला पाऊस उघडतो, भात कापणीला येतं, आणि मग खळं करायचं. माती उकरून, पाणी मारून, चोपण्याने चोपून चोपून सपाट करायची आणि वर शेणाच्या सारवणाचा हात. त्या नव्या खळ्यात पहिला मांडव पडतो तो तुळशीच्या लग्नाचा. गोव्यात तर तुळशीच्या लग्नाच्या दिवसाला मोठी दिवाळीच म्हणतात. ते झालं की दक्षिण कोकणात जत्रांचा आणि दशावताराचा हंगाम सुरू होतो. पुढे मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी आपली देवदिवाळी. तुझ्या गॅलरीत खळं नाही, पण तुझी आई राजापूरच्या खळ्यात वाढलेली असेल तर फरशी पुसून काढलेल्या रांगोळीतही ते तिला दिसेल.

आता आईचं. त्या बाईंचं मला मनापासून पटलेलं नाही, आणि त्याचं उत्तर तुळशीच्या कथेतच आहे. ती कथा तू आईला लग्नाच्या आधी वाचून दाखव.

तुळस म्हणजे वृंदा, जालंधराची बायको. तिच्या पातिव्रत्यामुळे जालंधर कुणालाच हरवता येईना. तेव्हा विष्णूने जालंधराचं रूप घेऊन तिला फसवलं, तिचं व्रत मोडलं, आणि तिकडे युद्धात शंकराच्या हातून जालंधर मेला. कळल्यावर तिने विष्णूला शाप दिला आणि अग्नीत प्रवेश केला. लोकांत जी कथा सांगतात तिच्यात शाप दगड होण्याचा आहे, तोच शाळिग्राम. कार्तिकमाहात्म्यात सांगितलं आहे की तिच्या चितेच्या जागी तीन झाडं उगवली: आवळी, मालती आणि तुळस. तुळशीच्या लग्नात आवळा का ठेवतात ते इथे कळतं. आणि विष्णूने तिला शिरावर घेतलं, इतकं की तुळशीच्या पानाशिवाय त्याचा नैवेद्य पुरा होत नाही.

नीट बघ, या लग्नातली नवरी कोण आहे? नवरा गमावलेली बाई. तिच्या दुःखाचा मान म्हणून हे लग्न दरवर्षी लागतं. मग नवरा गेलेल्या आईने तिच्या ओटीला हात लावायचा नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं? मुलीचं लग्न आहे आणि मुलगी आईने वाढवली आहे. रोज पाणी कुणी घातलं, रोज दिवा कुणी लावला? तुझ्या पत्रावरून मला वाटतं, आईनेच. तर कन्यादानाचं पाणीही तिनेच सोडायचं आणि ओटीही तिनेच भरायची. जोडप्यानेच बसायला हवं अशी रूढी आहे, ते मला ठाऊक आहे, पण ज्या घरात जोडपं नाही त्या घरातली तुळस बिनलग्नाची ठेवायची का? आमच्या वाडीत माझी चुलत सासू वयाच्या चाळिसाव्या वर्षी विधवा झाली. त्यानंतर ती मांडवाच्या खांबाआड उभी राहून मंगलाष्टकं ऐकायची. तिचा एक हात खांबावर असायचा आणि दुसऱ्या मुठीत अक्षता. त्या ती टाकायची नाही, लग्न लागलं की हळूच परातीत परत ठेवायची. मी तेव्हा नवी सून, बोलायची हिंमत झाली नाही. ते मला आजही टोचतं. तुझ्या आईच्या मुठीतल्या अक्षता तुळशीवर पडू देत.

शेजारणीशी भांडू नकोस. तिला लग्नाला बोलाव, आणि शक्य झालं तर तिच्या घरचा बाळकृष्ण नवरदेव म्हणून घेऊन यायला सांग. एकाच देवघरातून नवरी आणि नवरदेव दोघंही निघण्यापेक्षा नवरदेव दुसऱ्या घरून वाजतगाजत आला की लग्नाला वरपक्ष मिळतो. आणि व्याही झालेली बाई नवरीच्या आईला ओटी भरू नको असं म्हणायला धजावत नाही. नाहीच आली, तर तुमच्या देवघरातला बाळकृष्ण किंवा शाळिग्राम घ्या. दोन्ही नसतील तर विष्णूची एखादी तसबीर चालते.

तयारी गुरुवारपासून कर, आणि त्याला कारण आहे. नैवेद्यावर ठेवायला तुळशीची पानं लागणार. पण द्वादशीला तुळस तोडत नाहीत, रविवारीही तोडत नाहीत, एकादशीलाही पुष्कळ घरं टाळतात, आणि सूर्य मावळल्यावर तर कधीच नाही. यंदा हे दिवस एकामागोमाग आले आहेत. म्हणून गुरुवारी 19 ला सकाळी आंघोळ झाल्यावर दहा-बारा पानं आणि दोन मंजिऱ्या खुडून ठेव. ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात ठेवलीस तर रविवारपर्यंत छान राहतात. पूजेला तुळशीचं पान शिळं मानत नाहीत, त्यामुळे ती काळजी नको. त्याच वेळी झाडावरच्या सुकलेल्या तपकिरी मंजिऱ्याही काढून टाक. पावसाळ्यानंतर तुळस उंच, किडकिडीत आणि मंजिऱ्यांनी लगडलेली असते. बी धरण्यात तिची सगळी ताकद जाते आणि खालची पानं गळतात. मंजिऱ्या काढल्या की नवी पालवी फुटते.

झाडाच्या तब्येतीबद्दल दोन गोष्टी मला कळकळीने सांगायच्या आहेत, कारण त्या मी स्वतः चुकले आहे. पहिली पंचामृताची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी वाटीभर पंचामृत थेट कुंडीत ओतलं. दूध, दही, तूप, मध, साखर सगळं. दोन दिवसांत मुंग्या लागल्या, मग मातीला आंबूस वास यायला लागला, आणि पंधरा दिवसांत फांद्या वरून काळ्या पडत गेल्या. अंगणातल्या वृंदावनात माती खोल असते, ते जिरून जातं. कुंडीत जात नाही, मुळं कुजतात. तेव्हा पंचामृताचं स्नान बाळकृष्णाला ताम्हनात घाल, आणि तुळशीच्या मुळाशी फक्त पळीभर साधं पाणी. हळदही मुळात ओतायची नाही. खोडाला बोटाने लावायची, कुंकू कुंडीच्या कडेला.

दुसरी गोष्ट उसाची. गावात वृंदावनात ऊस रोवतात, सिंधुदुर्गात काही गावांत त्याच्याबरोबर दिंड्याची काठीही असते. तसा ऊस बाराइंची कुंडीत रोवलास की तो मुळं चिरत खाली जातो, आणि वाऱ्याने हलला की माती सैल करतो. लग्नानंतर आठवड्याभरात तुळस मान टाकू लागली तर बहुतेक वेळा तेच कारण असतं. बाजारातून शेंड्यासकट एकच ऊस आण. शेंडा बाजूला ठेवून खालचे अडीच-अडीच फुटांचे तीन तुकडे कर. शेंड्यासह हे चार तुकडे कुंडीच्या बाहेरून चार बाजूंना लावून सुतळीने कुंडीच्या गळ्याला आणि पोटाला घट्ट बांध, आणि वरची टोकं एकत्र करून तिथे झेंडूची माळ गुंडाळ. हा झाला मांडव. वरती आंब्याचा टाळ अडकव. गॅलरीला वारा लागत असेल तर कुंडी भिंतीकडे सरकव, नाहीतर मंगलाष्टकांच्या मधेच मांडव आडवा होईल.

रविवारी सकाळी कुंडी धुऊन काढ. ती मातीची असेल तर गेरूचा हात दे आणि वर चुन्याने किंवा तांदळाच्या पिठाच्या पाण्याने साध्या रेषा. पुढे रांगोळी. बाजारातून लागेल ते थोडंच आहे: खण, नारळ, हिरव्या बांगड्या दोन, काळी पोत, फणी, हळदकुंकू, एक सुपारी, विड्याची पानं, चिंच, आवळे, बोरं. बोरं मिळाली नाहीत तर अडू नकोस, कार्तिकात ती कधी हिरवीच असतात. बांगड्या फांदीत अडकवायच्या नाहीत, तुळशीची फांदी काटकुळी, ती मोडते. उसाच्या तुकड्यात सरकवून ठेव. खण त्रिकोणी घडी घालून कुंडीभोवती नेसव, पण दिव्यापासून लांब. नायलॉनची साडी आणि खाली लावलेली समई, असा प्रकार मी पाहिला आहे आणि त्या घरची तुळस अर्धी होरपळली होती. दिवे जमिनीवर, कुंडीपासून हातभर दूर.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला सूर्य मावळेल. साडेसहाला सुरुवात केलीस तर साडेसातपर्यंत सगळं आटोपतं. आधी आईने पाटावर बसावं, आचमन करावं आणि हातात पाणी व अक्षता घेऊन संकल्प म्हणावा. संस्कृत येत नसेल तर मराठीत: "शके 1948, कार्तिक शुद्ध त्रयोदशीला, आम्ही घरी वाढवलेल्या तुळशीचं लग्न श्रीकृष्णाशी लावत आहोत" आणि पाणी ताम्हनात सोडावं. एवढा संकल्प पुरतो. विड्याच्या पानावर सुपारी ठेवून तिची गणपती म्हणून पूजा करायची, हळदकुंकू, अक्षता, फूल. मग तुळशीला पाणी, हळद, कुंकू, फुलं, पोत. नंतर बाळकृष्ण दारातून आत येतो, त्याला ताम्हनात पंचामृताचं आणि मग साध्या पाण्याचं स्नान, पुसून, गंध लावून, पिवळं वस्त्र गुंडाळून पाटावर तुळशीसमोर बसवायचा. नवरीच्या घरचे म्हणून आईने त्याच्यापुढे दही-मध ठेवायचं, हा त्याचा मधुपर्क.

मग अंतरपाट. स्वच्छ पांढरं उपरणं किंवा पंचा, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. एक टोक तू धर, दुसरं शेजारच्या एखाद्या पोराला धरायला दे. पोरांना हे काम भारी आवडतं आणि तीच मोठ्याने "सावधान" म्हणतात. मंगलाष्टकं मोबाईलवर लावू नकोस असं मी सांगेन. एकदा आमच्याकडे ऐन कडव्याच्या मधे जाहिरात सुरू झाली, सगळ्यांच्या अक्षता हातातच राहिल्या, आणि पुन्हा सूर लागेना. आठही म्हणायचा आग्रह धरू नकोस. गणपतीचं पहिलं कडवं, एखादं मधलं, आणि शेवटी "तदेव लग्नं", एवढी तीन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घे आणि आईला म्हणू दे. तिला ती तोंडपाठ असतील, विचारून बघ. प्रत्येक कडव्याच्या शेवटी "शुभमंगल सावधान" झालं की सगळ्यांनी थोड्या थोड्या अक्षता टाकायच्या. एकदम मूठभर नाही. कुंडीत पडलेला तांदूळ फुगतो आणि आंबतो, ते पुढे सांगते.

शेवटच्या "सावधान"ला अंतरपाट उत्तरेकडे ओढून घ्यायचा, टाळ्या किंवा घंटा वाजवायची, आणि बाळकृष्णाला उचलून तुळशीच्या खोडाला हलकेच टेकवायचं. एक झेंडूची माळ त्याला, एक तिला. दोन्ही माळा वीतभरच कर, तुळशीला जड माळ पेलत नाही. मग आईने उजव्या हातात पळीभर पाणी, एक तुळशीपान आणि नाणं घेऊन ते बाळकृष्णापुढे ताम्हनात सोडावं आणि म्हणावं, "ही माझी मुलगी तुला दिली." हे कन्यादान. या क्षणी बायका रडतात. आईला रडू आलं तर थांबवू नकोस.

त्यानंतर ओटी. सुपात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या घेऊन आईने तीनदा ओंजळीने तुळशीपुढे घालायची. तांदूळ कुंडीत नाही, पुढच्या पाटावर. मग आरती, कापूर ताटात लावून, झाडाखाली नाही. नैवेद्यावर गुरुवारी काढून ठेवलेलं पान ठेवायचं. आपल्याकडचा प्रसाद साधाच असतो आणि तोच गोड लागतो: चुरमुरे, गूळ, ओल्या नारळाचे काप, उसाचे तुकडे, चिंच, आवळा. दहा माणसांना पाव किलो चुरमुरे आणि एक नारळ पुरतो. नव्या भाताचे पोहे मिळाले तर गूळ-खोबरं घालून तेही कर. मजल्यावरच्या पोरांना हाक मार. गावात ती घराघरातून पिशव्या भरून प्रसाद नेतात, इथे त्यांना कुणी बोलावत नाही.

रात्री झोपण्याआधी गणपतीच्या सुपारीवर आणि बाळकृष्णावर दोन अक्षता टाकून "पुन्हा या" म्हणायचं. शेजारणीचा बाळकृष्ण असेल तर तो रिकाम्या हाताने पाठवायचा नाही, बरोबर नारळ आणि प्रसाद द्यायचा, जावई आहे तो. दिवा मात्र मंगळवारी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी लाव. पौर्णिमेला त्रिपुरी असते, त्या दिवशी गॅलरीच्या कठड्यावर जमतील तेवढ्या पणत्या मांडा.

सोमवारी सकाळी कामाला जायच्या आधी दहा मिनिटं काढ. कुंडीतल्या मातीवरच्या अक्षता, फुलं, कापराची काजळी बोटांनी वेचून घे. माती ओली असेल तर तांदूळ आत दाबला जाऊ देऊ नकोस. दोन दिवसांनी तो फुगून पांढरी बुरशी धरते, मग चिलटं येतात. अक्षता एका कागदावर काढून पक्ष्यांना घाल. उसाची सुतळी सोड, तुकडे सोलून प्रसाद म्हणून वाटा. माळा सुकल्या की काढ, मंगळवारपर्यंत ठेवल्या तरी चालतात. पोत आणि बांगड्या देवघरात ठेव, पुढच्या वर्षी त्याच वापरता येतील. आणि गुरुवारी खुडलेल्या मंजिऱ्यांतली एखादी जुनी, तपकिरी झालेली मंजिरी चोळून तिचं बारीक काळसर बी कागदाच्या पुडीत ठेव. तुळस दोन-तीन वर्षांत लाकडासारखी होते, मग कितीही जपली तरी जाते. शिमग्यानंतर उन्हं तापली की ते बी दुसऱ्या कुंडीत वरच्यावर भुरभुर. खोल पुरू नकोस, वर चिमूटभर माती पुरे. आईला म्हण, पाणी हाताने शिंपड, तांब्याने ओतू नकोस.